अंकांची करमणूक : बागेभोवतीची वाट

समजा, रोहण्यास एका घरामागे 40 फूट लांब व 30 फूट रुंद फुलबाग आहे. तिच्या बाहेरून चोहोबाजूंनी सारख्या रुंदीची वाट करावयाची आहे आणि फरशी आहे 800 चौरस फूट. वाट किती रुंद ठेवावी?

कोणी म्हणेल, बागेचा घेर 140 फूट. त्याने 800 ला भागले की झाले, जवळजवळ पावणेसहा फूट! पण तशी आखणी केली तर शेवटी सव्वाशे चौरस फुटांहून अधिक फरशी कमी पडेल. चार कोपरे हिशेबातून निसटले!

रुंदी क्ष फूट धरू. चार बाजूंच्या पट्ट्यांना 140क्ष आणि चार कोपऱ्यांना 4क्ष² फरशी लागेल.

4क्ष² + 140क्ष = 800

चाराने भागून, क्ष² + 35क्ष − 200 = 0

म्हणजेच (क्ष + 40)(क्ष − 5) = 0

क्ष = −40 किंवा 5. उणे रुंदीची वाट नसते. म्हणून वाट 5 फूट.

पडताळा पाहा : बाहेरचा आयत 50 × 40, म्हणजे 2000 चौरस फूट, त्यातून बागेचे 1200 गेले, उरले 800.

वाट बागेच्या आतून काढली, तर मात्र 4क्ष² वजा होतो. तेव्हा दोरी धरण्यापूर्वी वाट आत की बाहेर, हे आधी विचारून घ्यावे.