शोकपत्रावरचा सुविचार : धीर देणारा की घाई करणारा?

शाळेत कुणाच्या घरी दुःखद घटना घडली की शोकपत्राचा मजकूर भाषेच्या शिक्षकाकडे येतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे तो माझ्याकडे हमखास येतो. सोबत एक सूचनाही असते, ‘वर एखादा चांगला सुविचार टाका.’ मोबाईलवर शोधले की असे सुविचार ढिगाने मिळतात. पण त्यातले बरेचसे दुःखी माणसाला धीर देत नाहीत, लवकर सावरायची घाई करतात.

हा फरक ओळखायचा तर वाक्याचे क्रियापद पाहावे. ‘खचू नका’, ‘सावरा’, ‘सबर करा’ ही आज्ञा झाली. ‘काळच औषध ठरेल’ म्हणजे आजच्या दुःखाला उद्याचा हवाला. ‘निदान त्रासातून सुटले’ ही तुलना. तिन्ही वाक्ये वाचणाऱ्याला एक काम देतात : तुम्ही आता वेगळे वाटून घ्या. धीर देणारे वाक्य वर्तमानकाळात असते. जे घडले ते मोठे आहे, रडू येणारच, एवढेच ते म्हणते आणि काही मागत नाही.

दुसरी अडचण अर्धवट तोडलेल्या वाक्यांची. मृत्यू म्हणजे काहीच नाही, मी फक्त शेजारच्या खोलीत गेलो आहे, अशा आशयाचा एक उतारा इंग्रजी शोकपत्रांवर फार छापला जातो. तो हेन्री स्कॉट हॉलंड या धर्मोपदेशकाच्या प्रवचनातला आहे. सातव्या एडवर्ड राजाच्या निधनानंतर मे 1910 मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांनी ते दिले. त्यात ते मृत्यूसमोरच्या दोन मनोवस्था सांगतात. आधीची म्हणजे मृत्यू हा क्रूर, अर्थहीन घाला वाटणे. दुसरी, शांत चेहऱ्याकडे पाहताना काहीच तुटले नाही असे वाटणे. पत्रावर फक्त दुसरी येते. मूळ प्रवचनात घाल्याला जागा होती, तोडलेल्या उताऱ्यात ती उरली नाही.

आपल्याकडे ‘सब्र-ए-जमील’चे तसेच होते. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलैहिस्सलाम) सुंदर सबर हाच मार्ग आहे असे म्हणतात, ती 83वी आयत. ताजियतीच्या संदेशात आपण तिथेच थांबतो. लगेच पुढच्या आयतीत ते यूसुफसाठी हळहळतात आणि दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडतात. त्यानंतर मुले त्यांना बोलतात, की तुम्ही यूसुफची आठवण काढत स्वतःला संपवून घ्याल. ते उत्तर देतात, की मी माझे दुःख अल्लाहजवळच मांडतो. म्हणजे सबर आणि रडणे एकाच माणसात शेजारी शेजारी आहेत, आणि घाई करणारे वाक्य मुलांच्या तोंडी आहे. पैगंबर (स.) आपल्या बाळाच्या, इब्राहिमच्या मृत्यूवेळी रडले तेव्हा सोबत्याला नवल वाटले. ही तर दया आहे, असे त्यांनी सांगितले. मुस्लिम घरी पाठवायच्या पत्रात मला नुसत्या ‘सबर करा’पेक्षा हा प्रसंग जास्त योग्य वाटतो.

आमच्या एका सहशिक्षिकेचे यजमान अचानक गेले तेव्हाचे पत्र सांगते. कुटुंब हिंदू, त्यामुळे आयत किंवा हदीस नको हे आधीच ठरले. सहकाऱ्यांनी तीन ओळी सुचवल्या. आत्मा अमर आहे, ही त्यांच्या श्रद्धेतली होती. पण ती त्या स्वतः म्हणतील तेव्हा त्यांची, आम्ही म्हटली तर समजूत घालणारी. मुलांसाठी खंबीर राहा, ही आज्ञा. देवाला चांगली माणसे आवडतात, हे कारण. आणि कारण त्यांनी विचारलेले नव्हते. तिन्ही गाळल्या. शेवटी सुविचाराच्या जागी हे लिहिले :

‘बाई, दर शनिवारी शाळा सुटताना सर फाटकाशी स्कूटर घेऊन उभे असायचे. आता तिथून जाताना आम्हाला त्यांची आठवण येते. तुमचं दुःख किती मोठं असेल, ते आम्ही मोजत नाही. या पत्राला उत्तर द्यायचं नाही. तुमचे तास आम्ही महिनाभर वाटून घेतले आहेत.’

यातले काम पाठवणाऱ्यांनी उचलले आहे, वाचणाऱ्यावर काहीच टाकलेले नाही. गेलेल्या माणसाची एक खरी खूण आहे, ती कुठल्याही संग्रहात मिळणार नव्हती.

म्हणून सुविचार घ्यायचाच असेल तर त्याच्या मागची-पुढची ओळ वाचून घ्यावी, आणि पत्र उघडणाऱ्याला तो काही करायला सांगतो का, ते पाहावे. सांगत असेल तर तो वगळून गेलेल्या माणसाचे नाव लिहावे.