पोटात दुखतंय, ताई!

मैत्रिणींनो, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत मी आरोग्याचे वर्ग घ्यायला जाते. पी.टी.चा तास लागला की नववीतल्या दहा-बाराजणी निंबाखाली बसायच्या. सगळ्यांचं एकच उत्तर, "पोटात दुखतंय, ताई." त्यावर सरांचा उपाय ठरलेला. मैदानाला पाच राउंड! आणि वर शेरा, की या पोरींना अंगमेहनतच नको.

ज्या मुली सुट्टीत घरी गेल्या की डोंगर चढून पाण्याचे हंडे आणतात, त्यांना अंगमेहनत नको? धावणं ही शिक्षा आहे असं आपणच रोज शिकवायचं आणि मग त्यांना धावायला आवडत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा!

मी त्यांच्याशेजारी बसून विचारलं, तेव्हा खरी कारणं बाहेर आली. एकीची पाळी चालू होती आणि कुंपणाबाहेर पोरं उभी होती. एकीला नेहमी शेवटी निवडतात. एकीला सिकलसेल आहे. हा आजार आपल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत किती आहे, हे मी सांगायला नको. अशा मुलीला उन्हात, तहानेल्या पोटी दमेपर्यंत पळवलं तर हाडं फोडणाऱ्या वेदना उठू शकतात. तिला खेळबंदी नको. तिला हवं पाणी, आणि "आता थांबते" म्हणायचा हक्क.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्वयंनिर्धाराचा सिद्धांत मांडला. माणसाला आतून उमेद यायला तीन गोष्टी लागतात, असं ते म्हणतात. निर्णयात आपला वाटा, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपण कुणाच्या तरी आहोत हा भरवसा. डेसींचा 1971 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. कोडी सोडवायला विद्यार्थ्यांना पैसे दिले. नंतर पैसे बंद झाले, तेव्हा मोकळ्या वेळात ते कोडी पूर्वीपेक्षा कमी हाताळू लागले. म्हणजे छडीप्रमाणे बक्षिसाचं आमिषही आतली ओढ मारू शकतं.

यावर आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, "मग मुलींना मोकळं सोडा." मी तेही करून पाहिलं. चौघी दांडग्या मुलींनी चेंडू पळवला आणि बाकीच्या पुन्हा निंबाखाली! ज्या मुलीला काही येतच नाही, तिच्यापुढे दहा खेळ ठेवले तरी ती बसणंच निवडते.

मग आम्ही दोनच पर्याय ठेवले, खो-खो किंवा लांब दोरीवरच्या उड्या. ओढणी ठेवायची की कमरेला बांधायची, हे जिचं तिने ठरवायचं. जागा बदलून शाळेच्या मागच्या अंगणात गेलो.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या आठजणी बसतात, नववी धावते. "खो" मिळाल्यावर अडखळणारीवर सगळे ओरडतात, म्हणून तिला खेळच नको होतो. आम्ही डाव बाजूला ठेवला आणि आठवडाभर जोडीजोडीने फक्त बसल्या जागेवरून उठायचा सराव केला. "शाब्बास" नाही आणि "एवढंही येत नाही?" हेही नाही. नेमकं सांगायचं, "पुढचा पाय मोकळा ठेव, लवकर उठशील." दोरीवर प्रत्येकीने आपल्या कालच्या उड्यांशी तुलना करायची, शेजारणीशी नाही. उड्या भिलीत मोजा, पावरीत मोजा. जोडीदारीण आपली आपण निवडायची. कप्तानांनी मुली वेचण्याची पद्धत बंद. संघ चिठ्ठ्या टाकून पाडायचे.

हे साधतंय की नाही, हे हजेरीपटावरून कळत नाही. शेवटची दहा मिनिटं आम्ही शिट्टी खिशात ठेवून बाजूला होतो. तेव्हा कोण खेळत राहतं? पहिल्या आठवड्यात दोरी जमिनीवर पडून राहायची. दीड महिन्याने सिकलसेलवाली मुलगी दोरी फिरवत होती, मध्येच पाणी पिऊन परत येत होती. दोघीजणी अजून निंबाखालीच बसतात. त्यांचं कारण मला अजून कळलेलं नाही, आणि ते राउंड मारायला लावून कळणारही नाही.

1970च्या दशकात शहाद्याच्या बायका दारूची मडकी फोडायला निघाल्या, त्या कुणाच्या शिट्टीवर नव्हे. त्यांच्या नातींनी मात्र शिट्टीवरच हलावं, असं आपण का धरून चालतो?

तेव्हा गावातल्या शाळेत जाल तेव्हा किती पदकं मिळाली हे विचारू नका. धावणं शिक्षा म्हणून वापरता का, ते विचारा. मैदानाजवळ पाणी आणि संडास आहे का, ते पाहा. आणि निंबाखाली बसलेल्या मुलीशेजारी जाऊन बसा.