फोटो पाहून चरबी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

व्यायामशाळेत जाणारी आपली मुलं हल्ली उघड्या अंगाचा फोटो काढून कुणाला तरी पाठवतात आणि विचारतात, "माझ्या अंगात चरबी किती टक्के?" समोरचा फोटोकडे पाहतो आणि छातीठोकपणे आकडा सांगतो, बावीस टक्के. लगेच चरबी जाळायच्या गोळ्या आणि पावडरचा डबा सुचवला जातो. घरातले दोन-तीन हजार रुपये त्या एका आकड्यावर जातात. आमचं म्हणणं असं की फोटोवरून एक आकडा सांगताच येत नाही. फार तर एक पट्टा सांगता येतो, आणि तोही बराच रुंद असतो.

आधी टक्के म्हणजे काय ते पाहू. सत्तर किलोच्या तरुणाच्या अंगात 14 किलो चरबी असेल तर ती 20 टक्के झाली. उरलेल्या 56 किलोंत हाडं, स्नायू, रक्त, पाणी सगळं आलं. फोटोत यातलं काहीच मोजलेलं नसतं. फोटोत दिसतात फक्त कातडीवरचे उजेड आणि सावल्या. पोटावरच्या रेषा, दंडावरची शीर, कमरेवरची वळी पाहून माणूस अंदाज बांधतो.

समजा, या सत्तर किलोच्या तरुणाने एकाच दिवशी दोन फोटो काढले. पहिला दुपारच्या जेवणानंतर, समोरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात, सहज उभं राहून. समोरून सपाट उजेड पडला की अंगावरचे सगळे खळगे भरून निघतात, सावली कुठेच राहत नाही. पोट जेवणाने पुढे आलेलं असतं. पाहणारा म्हणेल, पंचवीस टक्के.

दुसरा फोटो संध्याकाळी, पंचवीस-तीस जोर मारल्यावर, डोक्यावरच्या एकाच दिव्याखाली. वरून पडणाऱ्या उजेडात छातीखाली आणि पोटाच्या प्रत्येक खाचेत सावली बसते. जोर मारल्यामुळे स्नायूंत रक्त भरून ते तात्पुरते फुगलेले असतात. त्यात मुलगा श्वास सोडून पोट आवळतो, कंबर किंचित वळवतो, हात वर नेतो, त्यामुळे पोटाची कातडी ताणली जाते. अंगाला तेल लावलं असेल तर उंचवटे चमकतात आणि खाचा आणखी काळ्या दिसतात. तोच पाहणारा आता म्हणेल, पंधरा टक्के.

सत्तर किलोचे पंधरा टक्के म्हणजे साडेदहा किलो आणि पंचवीस टक्के म्हणजे साडेसतरा किलो. दोन फोटोंत सात किलो चरबीचा फरक पडला. एवढी चरबी खरोखर उतरवायला कित्येक महिने लागतात. इथे ती दिव्याची जागा बदलून आणि श्वास सोडून उतरली. पावडरच्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतात ना, त्यात उजेड कुठून येतोय आणि पोट आवळलंय का, एवढंच आधी पाहा.

उजेड आणि उभं राहणं सारखं ठेवलं तरी एक अडचण उरते. ती स्नायूंची. दोघांच्या अंगात प्रत्येकी 14 किलोच चरबी आहे, पण एकाचं वजन 80 किलो आणि दुसऱ्याचं 60 किलो, असं धरा. पहिल्याची चरबी साडेसतरा टक्के होते, दुसऱ्याची तेवीसच्या वर जाते. फोटोत पहिला धिप्पाड दिसतो. त्याच्या पोटाचे स्नायू जाड असल्यामुळे थोडी चरबी वर असूनही रेषा उमटतात. दुसरा बारीक दिसतो. हात-पाय काडीसारखे, गालफडं बसलेली. त्याला पाहून कुणीही म्हणेल, याच्या अंगात कुठली आलीय चरबी! आणि इथेच मोठी चूक होते.

याचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच होता, 22.3. फोटोतही कुणी लठ्ठ वाटत नाही. पण यंत्रावर चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची ठेवण अशीच असते. स्नायू कमी, हात-पाय बारीक आणि चरबी पोटात. त्यातली काही चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतडी आणि यकृताभोवती साठते. ती कुठल्याच फोटोत, कुठल्याच उजेडात दिसत नाही. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त संबंध मात्र हिचाच असतो.

म्हणून फोटोवरचा अंदाज दोन्ही बाजूंनी नडतो. धट्ट्याकट्ट्या मुलाला उगाच गोळ्या विकल्या जातात आणि बारीक अंगाच्या, पण ढेरी सुटू लागलेल्या चाळिशीतल्या माणसाला "तुम्हाला काय धाड भरलीय" म्हणून घरी पाठवलं जातं. आम्हाला दुसरी चूक जास्त महाग वाटते.

बायकांच्या बाबतीत तर पुरुषांचे फोटो लावलेला तक्ता मुळीच चालत नाही. बाईच्या अंगात निसर्गतःच पुरुषापेक्षा चरबी जास्त असते आणि ती मांड्या-नितंबांवर साठते. पुरुषाला भारी ठरणारी टक्केवारी बाईसाठी अगदी ठीक असू शकते.

मग करायचं काय? शिंप्याकडची टेप घ्या. सकाळी पोट रिकामं असताना, पाय जुळवून सरळ उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप उघड्या अंगावर, जमिनीला समांतर धरा. नेहमीसारखा श्वास सोडा, पोट आत ओढू नका, आणि आकडा वाचा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. पॅन्टचा नंबर यासाठी धरू नका, कारण पॅन्ट ढेरीच्या खाली बसते. आकडा मर्यादेच्या वर गेला तर अंग बारीक असलं तरी सरकारी दवाखान्यात रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

ज्यांना फोटो काढायचेच आहेत त्यांनी ते टक्के सांगण्यासाठी न काढता स्वतःच्या जुन्या फोटोशी ताडून पाहण्यासाठी काढावेत. तीच खिडकी, तीच सकाळची वेळ, तेवढंच अंतर, पोट सैल, समोरून एक आणि बाजूने एक. महिन्यातून एकदा पुरे. बाजूने काढलेला फोटो टाळू नका, पोट त्यातच खरं दिसतं. कुणी विचारलंच की टक्के किती, तर "पंधरा ते पंचवीसच्या मध्ये कुठेतरी" एवढंच प्रामाणिक उत्तर फोटोवरून देता येतं. त्याहून नेमका आकडा सांगून जो डबा पुढे करतो, त्याला आधी टेप आणायला सांगा.