अर्जाच्या पहिल्या दोन ओळी

गेल्या जानेवारीत एक भगिनी आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. त्यांचे यजमान एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. १९८८ साली नोकरीस लागले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये नोकरीत असतानाच गेले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी, म्हणजे आपण ज्याला फॅमिली पेन्शन म्हणतो त्यासाठी, बाईंनी अर्ज केला होता. वर्ष उलटले तरी काही नाही. उलट हातात एक उत्तर आले होते, 'आर्थिक साहाय्यासाठी आपण संजय गांधी निराधार अनुदान योजनेअंतर्गत तहसील कार्यालयाशी संपर्क साधावा.'

बाई म्हणाल्या, "मी हक्काची पेन्शन मागितली, यांनी मला निराधार केलं."

आम्हालाही आधी रागच आला. मग आम्ही त्यांच्या अर्जाची प्रत वाचली आणि राग थोडा आवरला. अर्जाची सुरुवात अशी होती : 'मी एक गरीब विधवा बाई असून घरात कमावते कोणी नाही. तीन लेकरांचे शिक्षण चालू आहे. तरी साहेबांनी दया करून मदत करावी.' पेन्शन हा शब्द पहिल्यांदा आला तो दुसऱ्या पानावर. शेवटी मुलाला वारसा हक्काने नोकरी मिळावी अशीही मागणी होती. आणि ज्या प्रतिज्ञापत्राअभावी सारे प्रकरण अडले होते, ते मागे टाचणीने लावलेले होते. त्याचा अर्जात एका शब्दाने उल्लेख नव्हता.

आता कचेरीत काय होते ते पाहा. अर्ज आधी साहेबांकडे जात नाही. तो जातो आवक टेबलावर. तिथला कारकून शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो आणि नोंदवहीत अर्जदाराचे नाव, तारीख व थोडक्यात विषय लिहितो. त्याच नोंदीवरून अर्ज कोणत्या टेबलावर जाणार हे ठरते. त्याच्यापुढे डाकेचा ढीग असतो. तो वरचा विषय वाचतो, फार तर पहिल्या दोन ओळी वाचतो. बाईंच्या अर्जावर विषयच नव्हता. पहिल्या दोन ओळींत गरिबी आणि मदत होती. त्याने लिहिले, 'आर्थिक मदत मिळणेबाबत'. पुढचे उत्तर त्या नोंदीला धरूनच आले. त्यात दुष्टावा किती आणि आळस किती, हे आम्ही सांगू शकत नाही. पण दार आपणच उघडे ठेवले होते.

आम्ही पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावले. पहिला अर्ज ५ फेब्रुवारी २०२४ चा होता, त्याच्या पोच प्रतीवर आवक क्रमांक १ १८७. दुसरे, १२ जून २०२४ चे कचेरीचे पत्र. यजमानांच्या सेवापुस्तकातील नामनिर्देशनात बाईंचे नाव एक आहे आणि आधारकार्डावर थोडे वेगळे आहे, तेव्हा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे त्यात मागितले होते. म्हणजे गाडी अडली होती ती एका नावापाशी. मग नवा अर्ज लिहिला, तो असा (क्रमांक आम्ही बदलले आहेत) :

विषय : मयत सफाई कामगार श्री. ... (मृत्यू दि. ...) यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण मंजुरीसाठी पाठविणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. आस्था/२१४/२०२४, दि. १२ जून २०२४. २) माझा अर्ज दि. ५ फेब्रुवारी २०२४, आवक क्र. १ १८७.

महोदय,

संदर्भ क्र. १ च्या पत्रान्वये आपण मागितलेले, नावातील फरकाबाबतचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. तरी संदर्भ क्र. २ च्या अर्जावरील कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण सक्षम अधिकाऱ्याकडे मंजुरीसाठी पाठवावे व पाठविल्याचा जावक क्रमांक आणि दिनांक मला लेखी कळवावा, ही विनंती.

बस्स. पत्र का लिहिले, कोणत्या कागदाला धरून लिहिले आणि समोरच्याने काय करायचे, हे सारे दोन वाक्यांत आले. घरची परिस्थिती खाली तिसऱ्या परिच्छेदात चार ओळींत ठेवली. बाईंना ते पुसून टाकायचे नव्हते आणि आम्हालाही नव्हते.

'मयत' हा शब्द बाईंना टोचला. आपल्यात आपण कालकथित म्हणतो, पत्रिकेवर तसेच छापतो. तो मान घरात आणि समाजात राहील. पण कचेरीची फाईल 'मयत कर्मचारी' या नावाने लावलेली असते, ती लवकर सापडावी म्हणून तोच शब्द घेतला. अर्जाच्या आरंभी जयभीम लिहावे की महोदय, असेही पुष्कळजण विचारतात. समोर भेटाल तेव्हा खुशाल जयभीम घाला, कागदावर महोदय पुरे.

संदर्भात चूक होते ती क्रमांकांची. कचेरीच्या पत्रावर डावीकडे किंवा वर जो क्रमांक असतो तो त्यांचा जावक क्रमांक, आणि आपल्या पोच प्रतीवरच्या शिक्क्यात असतो तो आवक क्रमांक. पोस्टाच्या पावतीचा क्रमांक संदर्भ म्हणून घालू नये. त्यावरून कचेरीत काहीच सापडत नाही. पहिलाच अर्ज असेल आणि मागचा पत्रव्यवहार नसेल, तर संदर्भाची ओळ सोडून द्यावी. चुकीचा संदर्भ दिला तर कारकून नसलेले पत्र शोधत बसतो आणि अर्ज तेवढे दिवस पडून राहतो.

सर्वांत जास्त घोटाळा मागणीच्या ओळीत होतो. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे आपण नम्रपणे लिहितो. त्यावर 'योग्य ती कार्यवाही चालू आहे' असे उत्तर आले की आपले तोंड बंद. 'न्याय मिळणेबाबत' असा विषय लिहिला तर अर्ज तक्रारींच्या गठ्ठ्यात जाण्याचा संभव. म्हणून क्रियापद असे हवे की ते काम त्या कचेरीच्या हातातले असेल आणि झाले की नाही हे आपल्याला पाहता येईल. पाठवावे, दुरुस्त करावे, दाखला द्यावा, प्रत द्यावी. बाईंच्या अर्जात 'पेन्शन मंजूर करावी' असे आम्ही मुद्दामच लिहिले नाही. मंजुरी त्या टेबलावर नव्हतीच, तिथून प्रकरण फक्त पुढे जायचे होते.

मुलाच्या नोकरीची मागणी याच अर्जात का नको, असे त्यांच्या थोरल्याने विचारले. एका अर्जाला एक आवक क्रमांक, आणि तो जातो एका टेबलावर. पेन्शनचे काम करणारा कारकून नोकरीची ओळ वाचून सोडून देतो आणि आपण समजतो की दोन्ही कामे चालू आहेत. सफाई कामगारांच्या वारसांच्या नेमणुका लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार होतात, त्या प्रकरणाची फाईल निराळी. तेव्हा त्याचा निराळा अर्ज केला.

अर्ज द्यायच्या आधी आम्ही त्यांच्या आठवीतल्या मुलीला विषयापासून त्या दोन वाक्यांपर्यंतचाच भाग वाचायला दिला, बाकीचा कागद हाताने झाकला. विचारले, "साहेबांनी काय करायचं गं?" ती म्हणाली, "बाबांचे कागद पुढे पाठवायचे आणि आईला नंबर कळवायचा." मग सही केली.

अर्ज देताना बाई खिडकीशी थांबल्या आणि वहीत काय विषय लिहिला ते विचारले. कारकुनाने वही फिरवून दाखवली, अर्जावरचीच ओळ त्याने उतरवली होती. टेबल कोणते तेही त्यांनी पोच प्रतीच्या मागे लिहून घेतले आणि दहा दिवसांनी थेट त्याच टेबलावर आवक क्रमांक सांगून चौकशी केली. तिसऱ्या आठवड्यात घरी एका ओळीचे पत्र आले, प्रकरण मंजुरीसाठी पाठविले आहे, जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक. पेन्शन अजून सुरू व्हायची होती. पण पुढच्या कचेरीला लिहायच्या अर्जाचा संदर्भ क्र. १ त्या दिवशी हातात आला, आणि तो अर्ज बाईंनी आम्हाला न विचारता स्वतःच लिहिला.