डबा चेपलाय का ते नको, आतलं अस्तर कसलं ते विचारा

सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो मेसेज फिरतोच. हॉटेलच्या पार्सलच्या डब्यात गरम भाजी आली की हार्मोन्स बिघडतात, चेपलेला टिनचा डबा घेऊ नका, त्यातून प्लास्टिकचं विष उतरतं, वगैरे. खाली 'बिस्फेनॉल' असा भारदस्त शब्द. मग निम्मे लोक घाबरतात आणि निम्मे म्हणतात, "सगळ्यातच काही ना काही असतं हो, खायचं तरी काय?" माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चुकीच्या जागी बघताहेत. भीती खोटी नाही, पण ती ज्या वस्तूवर रोखली आहे ती वस्तू बहुतेक वेळा वेगळी असते.

पार्सलचा तो काळा किंवा पारदर्शक, थोडा लवचिक डबा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पाण्याची एक लिटरची साधी बाटली पेट प्लास्टिकची. या दोन्ही प्लास्टिकच्या घडणीत बिस्फेनॉल लागतच नाही. (त्यात उकळती आमटी ओतावी असं मी म्हणत नाही. पण तो वेगळा विषय.) बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, मुख्यतः दोन ठिकाणी लागतं. एक पॉलिकार्बोनेट, म्हणजे काचेसारखं दिसणारं, टणक, पडलं तरी न फुटणारं प्लास्टिक. आणि दुसरं म्हणजे टिनच्या डब्याच्या आतलं एपॉक्सीचं पातळ अस्तर. अन्नातलं आम्ल धातूला खाऊ नये म्हणून ते लावतात आणि ते काम ते उत्तम करतं. म्हणूनच गेली साठ-सत्तर वर्षं ते टिकून राहिलं.

आता गंमत बघा. हा पदार्थ प्लास्टिकमध्ये येण्याआधी औषध म्हणून तपासला गेला होता. लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोनसारखं काम करणारं रसायन शोधत होते. १९३६ साली त्यांना दिसलं की बिस्फेनॉल ए हे काम करतं, फक्त क्षीणपणे. पुढे त्यांना कितीतरी जोरदार रसायन सापडलं आणि हे मागे पडलं. पन्नाशीच्या दशकात तेच प्लास्टिकवाल्यांनी उचललं. त्यामुळे 'हे हार्मोनसारखं वागतं' हा कोणा पर्यावरणवाद्याचा नवा आरोप नाही. ते प्लास्टिकच्या आधीपासून माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की ते अन्नात किती उतरतं आणि तेवढ्याने काही होतं का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आज जवळजवळ पक्कं आहे. अन्न भरून झाकण बंद केल्यावर डबा तापवतात, भाज्या-सूपसारख्या पदार्थांना साधारण १२० अंशांपर्यंत. ब्रिटनमध्ये एपॉक्सी अस्तराचे डबे घेऊन नेमकं हेच तपासलं गेलं आणि २००४ साली निष्कर्ष छापून आले. अस्तरात जे बीपीए होतं त्यातलं ८० ते १०० टक्के या तापवण्यातच अन्नात उतरलेलं होतं. नंतर डबे महिनोन् महिने ठेवले, काही मुद्दाम चेपले, तरी आकड्यात फारसा फरक नाही. म्हणजे चेपलेला डबा टाळावा तो जंतूंसाठी, शिवण सुटलेली असू शकते म्हणून. बीपीएसाठी नव्हे. ते तर कारखान्यातून निघतानाच आत असतं. ताजी तारीख बघूनही उपयोग नाही.

मग पोटात किती जातं? हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ७५ माणसं. पाच दिवस रोज दुपारी एक वाटी डब्यातलं भाज्यांचं सूप, मधे दोन दिवस सुट्टी, मग पाच दिवस ताजं सूप. काहींना आधी ताजं, मग डब्यातलं. ताजं सूप पिताना लघवीत एका लिटरला सरासरी १.१ मायक्रोग्रॅम बीपीए सापडलं. डब्यातलं पिताना २०.८. माणसं तीच, सूप एवढंच बदललं.

हा आकडा जरा पुढे नेऊन बघू. दिवसाला दीड लिटर लघवी धरली तर साधारण ३१ मायक्रोग्रॅम. नमुने दुपारच्या सूपनंतर काही तासांत घेतलेले, तेव्हा पातळी चढलेली असते, त्यामुळे दिवसभराचा खरा आकडा याहून कमीच असणार. पण वरची हद्द म्हणून घेऊ. ६० किलोच्या माणसाला युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली दिवसाला २४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल असं सांगितलं होतं. त्या हिशेबाने सूपवाला मजेत. २०२३ साली त्याच संस्थेने मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. त्याच माणसाला आता दिवसाला फक्त १२ नॅनोग्रॅम. म्हणजे सूपवाला अडीच हजार पटींनी वर.

एवढी घसरगुंडी बघून कोणीही विचारेल, यांना नक्की काय कळलंय का? रास्त प्रश्न आहे. नवी मर्यादा उंदरांवरच्या प्रयोगातून आली. गर्भात असताना बीपीए मिळालेल्या पिल्लांमध्ये प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी वाढलेल्या दिसल्या. या पेशींचा दाह आणि अॅलर्जीशी संबंध असतो. पण पेशी वाढल्या म्हणजे आजार झाला का? जर्मनीच्या जोखीम तपासणाऱ्या सरकारी संस्थेने इथेच बोट ठेवलं आणि स्वतःची मर्यादा काढली, युरोपच्या आकड्याच्या हजार पट सैल. अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन तर अजूनही म्हणतं की सध्या अन्नातून जातं तेवढं सुरक्षित आहे. त्यांचा मुद्दाही पोकळ नाही. तोंडावाटे गेलेलं बीपीए यकृत झपाट्याने निष्क्रिय करतं आणि एक-दोन दिवसांत ते लघवीतून निघून जातं.

पण हिशेब पुरता करा. जर्मनीची सैल मर्यादा ६० किलोच्या माणसाला दिवसाला १२ मायक्रोग्रॅम होते. आपला सूपवाला ३१ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे युरोपशी भांडणारे जे तज्ज्ञ आहेत, त्यांचं ऐकलं तरी अशा अस्तराचा डबा रोज उघडणारा माणूस रेषेच्या आसपास किंवा पलीकडे आहे. मला हे वादातल्या दोन्ही टोकांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

माणसांमध्ये थेट पुरावा मात्र कच्चा आहे, हेही सांगितलं पाहिजे. लघवीत बीपीए जास्त असलेल्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसले, असं २००८ साली अमेरिकेत छापून आलं. पण एका दिवसाच्या नमुन्यावरून दहा वर्षांचं खाणं कसं कळणार? शिवाय डब्यातलं जास्त खाणाऱ्याचं बाकीचं जेवणही वेगळं असतं. म्हणून 'बीपीएमुळे अमुक आजार होतो' असं छातीठोक सांगणाऱ्याकडे मी संशयानेच बघतो. काळजीची खरी जागा गर्भ आणि तान्ही मुलं. तिथे हार्मोनचा इशारा अवयव घडवत असतो आणि तो बिघडवायला थोडंसं पुरतं.

आपल्या घरात टिनचे डबे कमीच. आपला प्रश्न जास्त करून जारचा. ऑफिसात, क्लासमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये येणारे ते निळसर, टणक, वीस लिटरचे जार बरेचदा पॉलिकार्बोनेटचे असतात. आणि पॉलिकार्बोनेट कशाने तुटतं हे अमेरिकेत १९९८ साली अपघातानेच कळलं. पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे नेहमीच्या सौम्य साबणाऐवजी फरशी पुसायच्या क्षारयुक्त द्रावाने धुतले गेले. पिंजरे धुरकट झाले, आणि उंदरांच्या स्त्रीबीजांमध्ये गुणसूत्रांची मांडणी बिघडण्याचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. कारण शोधता शोधता त्या पिंजऱ्यांच्या प्लास्टिकपर्यंत पोहोचल्या. क्षार आणि उष्णता, हे दोन शत्रू. दुसऱ्या एका प्रयोगात पॉलिकार्बोनेटच्या बाटलीत उकळतं पाणी ओतल्यावर बीपीए सुटण्याचा वेग ५५ पटींपर्यंत वाढला. आता आपले जार आठवा. भर उन्हात उघड्या टेम्पोत तासन् तास. धुतात कशाने, कोणी विचारलंय? जार धुरकट, पांढुरका झाला असेल, बारीक चिरा दिसत असतील तर तो परत करावा. तेवढं तर डोळ्यांना कळतं.

'बीपीए-फ्री' छाप बघून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी. बीपीए काढून अनेकांनी त्याचीच भावंडं वापरली, बिस्फेनॉल एस आणि बिस्फेनॉल एफ. २०१५ साली या दोघांवरच्या ३२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दोघांचा हार्मोनवरचा परिणाम बीपीएच्याच तोडीचा निघाला. एक अक्षर बदललं की लेबल स्वच्छ! म्हणून बंदी घालायची तर एकेका पदार्थावर नको, अख्ख्या कुटुंबावर हवी. युरोपने २०२४ च्या अखेरीस जो नियम केला त्यात बीपीएबरोबर इतर घातक ठरलेल्या बिस्फेनॉलांनाही धरलंय, ते बरं केलं.

आपल्याकडे? बाळाच्या दुधाच्या बाटलीपुरती मानक ब्युरोची मनाई आहे. बाकी वेष्टनांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०१८ ची मुख्य मोजपट्टी अशी की वेष्टनातून सगळं मिळून किलोला ६० मिलिग्रॅमच्या वर काही उतरू नये. ६० मिलिग्रॅम म्हणजे सहा कोटी नॅनोग्रॅम. इथे वाद बारा नॅनोग्रॅमचा की बारा मायक्रोग्रॅमचा असा चाललाय. पोती तोलायच्या काट्यावर आपण केशर तोलतोय.

आणि डबाबंद आमरस? आपला हापूसचा पल्प युरोपात जातो. तिथला नियम आयात मालालाही लागू आहे, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या डब्याचं अस्तर बदलावंच लागणार. अस्तर एपॉक्सीचं की दुसऱ्या कशाचं, हे सोनेरी रंगावरून ओळखता येत नाही. ते डबा बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. रत्नागिरीत भरलेला एक डबा हॅम्बर्गला आणि दुसरा दादरला जाणार असेल, तर दोन्हींचं अस्तर एकच आहे का, एवढं छापायला कंपन्यांना काय जड आहे? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डब्यावर अस्तराचा प्रकार लिहिणं सक्तीचं करावं आणि बाजारातले जार उचलून बिस्फेनॉलांची स्वतंत्र तपासणी करावी, एवढीच मागणी आहे. तोवर सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या जारवाल्याला दोन प्रश्न जरूर विचारा: जार कसल्या प्लास्टिकचा, आणि धुता कशाने?