काळी शेळी दिसली की मोबाइल ‘उस्मानाबादी’ का म्हणतो?

लातूर, धाराशिव भागात शेळी घ्यायची म्हणजे बहुतेकदा उस्मानाबादीच. विक्रेताही तेच सांगतो आणि आता मोबाइलही. पण मोबाइल हे कशावरून सांगतो, ते पैसे मोजण्याआधी पाहायला हवं.

गुगल लेन्स तुमच्या फोटोसारखे दिसणारे फोटो इंटरनेटवर शोधतं. त्यांच्याजवळ जे नाव लिहिलेलं असतं, ते तुमच्यासमोर येतं. शेळ्यांचे बरेच फोटो विक्रीच्या जाहिरातींतले असतात, म्हणजे नाव विक्रेत्यानेच दिलेलं. एका विक्रेत्याची खात्री करायला आपण दुसऱ्या विक्रेत्यालाच विचारतो, असा हा प्रकार! जात ओळखणाऱ्या वेगळ्या ॲपची अडचण निराळी. त्याला समजा दहा जाती शिकवल्या असतील, तर ते त्या दहांतलीच एक निवडतं. ‘यातली कुठलीच नाही’ किंवा ‘मिश्र आहे’ हे उत्तर त्याला शिकवलेलं नसेल तर येणारच नाही. गावरान, संकरित शेळीलाही एखादं भारदस्त नाव मिळून जातं.

चाकूरकडच्या एका शेतकऱ्याने मला दोन फोटो दाखवले. काळीला उत्तर आलं उस्मानाबादी, तपकिरीला सिरोही. विक्रेता दोन्ही उस्मानाबादीच म्हणत होता, पण काळीचा भाव जास्त. आता उस्मानाबादीत साधारण चारांतल्या तीन शेळ्या काळ्या असतात. उरलेल्या पांढऱ्या, तपकिरी, ठिपक्यांच्याही असतात. म्हणजे रंगावरून काळी पक्की होत नाही आणि तपकिरी बादही होत नाही. शिवाय दोन्ही फोटो उभ्याने, वरून काढलेले. अशा फोटोत पाय आखूड दिसतात, कान नीट कळत नाहीत.

मी त्यांना खाली बसून, शेळीच्या उंचीवरून, बाजूने फोटो काढायला सांगितलं, आणि एक तोंडाचा जवळून. सिरोहीचे कान चपटे, पानासारखे लोंबते असतात. या तपकिरीचे मध्यम होते. म्हणजे सिरोही हे उत्तर डळमळलं, एवढंच. ती उस्मानाबादी ठरली असं नाही. त्यासाठी विक्रेत्याच्या गोठ्यात तिची आई, बहिणी आणि बोकड बघावा लागतो. सगळा कळप एका वळणाचा आहे की पाच तऱ्हांचा, हे तिथे लगेच दिसतं. जुळी करडं किती वेळा झाली, हेही तिथेच विचारायचं. उस्मानाबादीला भाव त्यासाठीच तर देतात, आणि ते कुठल्याच फोटोत येत नाही.

फोटो एका कामाला मात्र खरंच उपयोगी आहे: खालच्या जबड्याचे पुढचे दात. दोन मोठे दात म्हणजे वय साधारण वर्ष ते दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास, आठ म्हणजे चार किंवा जास्त. त्या काळीचे आठही दात आलेले आणि झिजलेले होते. तपकिरी दोन दाती. तो फोटो पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवून मगच भावाचं बोला, असं मी त्यांना सांगितलं.