नळ कोरडा असेल तर आम्लाची बाटली कपाटातच

प्रात्यक्षिकाच्या तासाला छात्राध्यापक भिंतीवरचा सूचनांचा तक्ता वाचून दाखवतात. गॉगल लावा, चव घेऊ नका, परीक्षानळीचे तोंड कोणाकडे करू नका. सूचना बरोबरच आहेत. पण धाराशिवसारख्या टंचाईच्या जिल्ह्यात पहिला प्रश्न वेगळा हवा. आज प्रयोगशाळेच्या नळाला पाणी आहे का?

किती पाणी लागते?
आम्ल डोळ्यात किंवा अंगावर उडाले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली सलग २० मिनिटे धरावी लागते. मिनिटाला ५ लिटर एवढी हलकी धार धरली, तरी १०० लिटर पाणी झाले. कोपऱ्यात भरून ठेवलेली २० लिटरची बादली ४ मिनिटांत रिकामी होते. म्हणून २०० लिटरचा झाकणाचा, तोटी बसवलेला ड्रम उंच ओट्यावर ठेवावा. पाणी स्वच्छ असावे, दर आठवड्याला बदलावे आणि काढलेले पाणी झाडांना घालावे. तासाआधी तोटी उघडून धार पाहावी.

आम्ल कधी विरल करायचे?
हे काम मुले येण्याआधी, गॉगल आणि हातमोजे घालून करावे. साधारण २ मोलरचे अर्धा लिटर सल्फ्युरिक आम्ल हवे असेल, तर उष्णतारोधक काचेच्या चंचुपात्रात ४०० मिली थंड पाणी घ्यावे. त्यात ५५ मिली संहत आम्ल थोडे थोडे सोडत काचकांडीने ढवळावे. पात्र गरम लागले की थांबावे. पूर्ण निवल्यावर पाणी घालून ५०० मिली करावे. उलटे केले, म्हणजे आम्लात पाणी ओतले, तर हलके पाणी वरच राहते, जागीच उकळते आणि आम्लासह तोंडावर उडते.

अपघात झाला तर?
डोळ्यात आम्ल गेले असेल, तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके कलते करावे, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात. अंगावर उडाले असेल, तर भिजलेले कपडे लगेच काढावेत. धुणे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. खाण्याचा सोडा फक्त फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी वापरावा. त्वचेवर किंवा डोळ्यात कधीच नाही.

निर्णय कोणाचा?
ड्रम रिकामा असेल, तर त्या दिवशी भिंग, आरसा किंवा विद्युत परिपथाचा प्रयोग घेता येतो. आम्लाचा पुढच्या आठवड्यात होईल. नव्या छात्राध्यापकाला हे सांगायला संकोच वाटतो, कारण वेळापत्रक दुसऱ्याने ठरवलेले असते. म्हणून ‘पाणी नाही, तर आम्ल नाही’ हा नियम मुख्याध्यापकांनीच लेखी लावावा. टँकरच्या फेऱ्या ठरवताना प्रयोगशाळेचा ड्रमही मोजावा.